टिचबटण आणि रिव्हेट: सारा खेळ नळीच्या लांबीचा

जाड कॅनव्हासच्या पिशवीवर किंवा चामड्याच्या पाकिटावर बसणाऱ्या धातूच्या टिचबटणाचे चार भाग असतात. झाकणाच्या बाजूला वरून दिसणारी टोपी आणि आतून बसणारी स्प्रिंगची वाटी ही एक जोडी. पिशवीच्या अंगावर आतून घालायची नळीची चकती आणि बाहेर उठून दिसणारी घुंडी ही दुसरी. टोपीला आणि चकतीला पोकळ नळी असते. ही नळी कापडातून आरपार जाऊन समोरच्या भागातून वर येते. सेटरच्या टोकाने ठोकल्यावर तिची कड बाहेर वळते आणि घट्ट पकडते. बटण टिकते ते केवळ या वळलेल्या कडेवर.

म्हणून पहिला प्रश्न बटणाचा नसून जाडीचा असतो. नळी समोरच्या भागातून साधारण २ ते ३ मिलिमीटर वर यायला हवी. ती कमी आली तर वळायला धातूच उरत नाही आणि बटण पहिल्याच ओढीला निसटते. जास्त आली तर ठोकताना नळी मधेच वाकते किंवा तिची कड फाटून चांदणीसारखी पसरते. ही टोकदार कड पुढे कापड खाते.

समजा, पिशवीच्या झाकणावर दीड मिलिमीटरचे चामडे आहे आणि खाली कॅनव्हासची दुमडलेली पट्टी. दोन्ही बोटांनी दाबून धरल्यावर जाडी ३ मिलिमीटर भरते. अंगाच्या बाजूला मात्र कॅनव्हासचा एकच थर, जेमतेम १ मिलिमीटरचा. झाकणाला नीट बसणारी नळी अंगावर २ मिलिमीटर जास्त वर येईल. अशा वेळी नळी कापत बसण्यापेक्षा आतून तेवढ्याच जाडीची चामड्याची गोल चकती घालणे उत्तम. नळीची लांबी जुळते आणि बटण उघडताना बसणारा हिसका एकट्या कॅनव्हासवर न येता चामड्यावर पसरतो. आधाराशिवाय कॅनव्हासवर लावलेले बटण पुष्कळदा स्वतः शाबूत राहते आणि भोवतालचे कापड घेऊन बाहेर येते. उलट, चामडे जाड असून नळी तोकडी पडत असेल, तर मागच्या बाजूने रापीने बटणापुरते तासून घ्यावे.

भोक नळीला घट्ट बसेल इतकेच असावे. चामड्याला ते पंचानेच पाडावे लागते. कॅनव्हासला मात्र शक्य असेल तिथे आरीने धागे बाजूला सारून वाट करावी, कारण कापलेले धागे हळूहळू सुटतात आणि भोक मोठे होत जाते.

ठोकण्याची जागा कडक हवी. लाकडी स्टुलावर घाव जिरतो आणि नळी अर्धवट वळते. फरशीचा जाड तुकडा किंवा लोखंडी ठोकळा सपाट जमिनीवर ठेवला की काम होते. टोपी सेटरसोबत येणाऱ्या छोट्या ऐरणीच्या खोलगट बाजूत ठेवायची, म्हणजे तिचा घुमट चेपत नाही. नळीची चकती सपाट बाजूवर. सेटर काटकोनात धरून एका जोरदार घावापेक्षा तीन-चार मध्यम घाव द्यावेत आणि प्रत्येक घावानंतर सेटर किंचित फिरवावा. सेटर कलला की कड एकाच बाजूला वळते.

आधी झाकणाचा भाग बसवावा. मग पिशवीत नेहमीचे सामान भरून झाकण ओढून घ्यावे आणि वाटी दाबून अंगावर तिचा ठसा उमटवावा. रिकाम्या पिशवीवर मोजलेली जागा भरल्यावर पुरत नाही. बसलेली टोपी अंगठ्याने फिरवून पाहावी. ती गरगर फिरली तर आणखी एक-दोन घाव लागतील. कड फाटली असेल तर ठोकून उपयोग नाही, बटण पक्कडीने काढून नवे लावावे.

दोन टोप्यांच्या रिव्हेटला हाच नियम लागतो, पण इथे नळीचे टोक दुसऱ्या टोपीच्या पोटात फुगून बसते, त्यामुळे चूक डोळ्यांना दिसत नाही. टोपी तिरकी बसली किंवा दोन्ही टोप्यांमध्ये फट राहिली, तर नळी लांब होती असे समजावे. आधी दोन्ही भाग बोटांनी दाबून बारीक टिक् आवाज आला, की मगच अंतर्गोल टोकाच्या सेटरने ठोकावे.

खांद्याच्या पट्ट्यासारख्या ओझे पेलणाऱ्या जागी मात्र पोकळ रिव्हेटवर भिस्त ठेवू नये. तिथे तांब्याचे भरीव रिव्हेट आणि त्यावर चढणारी तांब्याची वायसर लागते. अमेरिकेत रेनो इथला शिंपी जेकब डेव्हिस याने घोड्यांच्या पांघरुणांच्या पट्ट्यांना लावायचे असेच तांब्याचे रिव्हेट मजुरांच्या विजारीच्या खिशांना मारले आणि लेव्ही स्ट्रॉसच्या भागीदारीत २० मे १८७३ रोजी त्याचे पेटंट मिळाले. वायसर चामड्याला टेकेपर्यंत खाली ठोकायची, दांडा तिच्यावर साधारण २ मिलिमीटर ठेवून कापायचा आणि उरलेले टोक हातोडीच्या गोल तोंडाने चारही बाजूंनी हलके ठोकत घुमटासारखे करायचे. तांबे मऊ असल्याने ते सहज पसरते आणि वायसरला घट्ट धरते.