आढ्यावरची भेग

गोव्यातल्या मये गावातल्या एखाद्या जुन्या घराचे छप्पर मे महिन्यात नीट पाहावे. लाल मंगलोरी कौलांच्या दोन उतारांमध्ये, आढ्यावरच्या कोन्यांखाली सिमेंटची करडी पट्टी दिसते. तिच्यावर गेल्या वर्षीचा थर, त्यावर यंदाचा. शाकारणीला चढलेला माणूस फुटकी कौले बदलतो आणि उतरण्याआधी भेगांवर सिमेंटचा हात फिरवतो. जूनमध्ये पाणी पुन्हा तिथूनच गळते.

मयेत अशी डागडुजी जरा जास्तच झाली, त्याला कारणही आहे. गावातली बरीच जमीन पोर्तुगीज जमीनदाराची. मुक्तीनंतर ती स्थलांतरितांची मालमत्ता ठरली आणि 2014चा कायदा येईपर्यंत राहत्या माणसाच्या नावावर काही नव्हते. मग नवे घर बांधण्यापेक्षा जुनेच छप्पर सांभाळणे सोपे.

आढ्यावर दोन्ही उतारांची कौले संपतात आणि मधली फट झाकायला कोने बसतात. खालची कौले रिपांना अडकतात, वरचे कौल खालच्यावर चढते, त्यामुळे तिथे सिमेंट लागत नाही. कोन्याला मात्र अडकायला काही नसते. तो मालावर बसतो आणि मालानेच धरला जातो. फट बंद करायचीही त्या मालानेच. गोम इथेच आहे.

नऊ मीटर लांबीचे आढे घेऊ. सिमेंट-वाळूचा माल वाळताना लांबीच्या हजारात साधारण अर्धा ते एक भाग आकसतो, म्हणजे या आढ्यावर साडेचार ते नऊ मिलिमीटर. भाजलेले कौल मात्र आकसत नाही. शिवाय दुपारी साठ अंशांपर्यंत तापलेले छप्पर पहिल्या सरीने पंचवीसवर आले, की माल साडेतीन मिलिमीटर आखडतो आणि कौल त्याच्या निम्मे. हा फरक सगळीकडे सारखा वाटला जात नाही. दोन कोन्यांच्या जोडावर माल पातळ असतो, तिथे हा फरक जमतो. म्हणून पहिली भेग बहुधा जोडावरच उमटते, आणि पुष्कळदा पाऊस यायच्या आधीच.

त्यात कामाच्या खोडी. कोरडे, तापलेले कौल मालातले पाणी ओढून घेते. सिमेंट पिकायच्या आत सुकते आणि चिकटत नाही. वरून टणक दिसते. बोटाने टिचकी मारली तर पोकळ वाजते. गळू नये म्हणून सिमेंट वाढवले की आकसणेही वाढते. त्यातून लाकडी वासे पावसात फुगतात, उन्हात आटतात, आढे मधे थोडे वाकते. त्यावर ताठ सिमेंटची कांब बसवली तर ती मोडणारच. केसाएवढी भेगसुद्धा पाणी आत ओढते, आणि खाली कोना पूर्ण भरलेला असेल तर ते पाणी आढ्याच्या लाकडाशी ओल धरून बसते. भेगेपेक्षा ही ओल जास्त घातक.

दुसरी तऱ्हा कोरड्या बांधणीची. आढ्यावर लोखंडी पट्ट्यांनी एक उंच रीप धरतात, तिच्यावरून हवा जाऊ देणारी पट्टी अंथरून तिच्या चिकट कडा कौलांवर दाबतात आणि प्रत्येक कोना स्क्रू व क्लिपने रिपेला बांधतात. माल नसल्याने आकसायला काही उरत नाही. प्रत्येक कोना आपापल्या जागी हलू शकतो. ब्रिटनच्या 2014च्या छपरांच्या मानकाने नुसत्या मालावर कोना सोडणे नाकारले, ते वाऱ्यामुळे. मे 2021मध्ये तौक्ते वादळ गोव्याच्या किनाऱ्याजवळून गेले, तेव्हा वारा छपराचे काय करतो हे इथल्यांनीही पाहिले.

पण ही पट्टी धूळ आणि शेवाळावर चिकटत नाही. मंगलोरी कौलाच्या खोल पन्हळीत ती नीट दाबावी लागते. वाकलेल्या आढ्यावर रीप सरळ बसत नाही. आणि वानरांनी पट्टी उचकटली तर वाडीवरच्या गवंड्याकडे तिचा तुकडा मिळणार नाही.

म्हणून माझे मत असे: लोखंडी सांगाड्याच्या नव्या छपराला कोरडी बांधणी घ्यावी, स्क्रू स्टेनलेस स्टीलचे. जुन्या लाकडी छपराला मालच बरा, पण मऊ: एक भाग सिमेंट, एक भाग चुना, सहा भाग वाळू. जुना थर पूर्ण काढा, आढ्याचे लाकूड तपासा, कौल आणि कोना भिजवून घ्या. माल फक्त दोन्ही कडांना घाला, मधे पोकळ ठेवा, आणि तो कोन्याच्या कडेच्या किंचित आत दाबा, म्हणजे पावसाचे पाणी थेट त्यावर पडणार नाही. मग आठवडाभर ओले गोणपाट. हे काम एप्रिलमध्ये उरका. जूनच्या तोंडावर गवंडी मिळत नाही, आणि मिळाला तरी जुन्या भेगेवर हात फिरवून जातो.