जपानी पडद्यावर मराठी हात

जपानमधल्या घरगुती बाजारासाठी बनलेलं जुनं शिलाई मशीन हाती येतं आणि टचस्क्रीनवर सगळी जपानी अक्षरं दिसतात. काही मशीनच्या सेटिंगमध्ये भाषा बदलता येते, काहींत ती सोयच नसते. पण काम अडत नाही, कारण पडद्यावर टाक्यांची चित्रं असतात. सरळ रेघ म्हणजे साधी शिलाई, नागमोडी रेघ म्हणजे झिगझॅग. टाका निवडला की शेजारी मिलिमीटरमध्ये लांबी-रुंदी दिसते. साध्या शिलाईला साधारण २.५ लांबी पुरते.

खरी गोची ताणाची. 糸調子 हा शब्द ओळखून ठेवावा, तो दोऱ्याच्या ताणाचा. आकडा वाढला की वरचा दोरा घट्ट होतो. चाचणीसाठी वर लाल आणि बॉबिनमध्ये पांढरा दोरा घालून सुती तुकड्यावर शिवावं. वरच्या बाजूला पांढरे ठिपके डोकावले, तर वरचा दोरा जास्त ताणलेला आहे. आकडा ४ असेल तर ३ करून पुन्हा शिवून बघावं.

उलट, खालच्या बाजूला लाल दोऱ्याची गुंतवळ झाली, तर अनेकजण आकडाच वाढवत बसतात. बहुतेकदा दोष ओवण्यात असतो. प्रेशर फूट खाली असताना ओवलेला दोरा ताणाच्या चकत्यांमध्ये बसतच नाही. फूट वर करून पुन्हा ओवावं.

मशीन 'बीप' करून थांबलं, तर चित्र पाहावं. फूट आणि खाली वळलेला बाण दिसला, तर फूट खाली करायचा राहिला आहे. काजाच्या वेळी लिव्हरचं चित्र आलं, तर ती खाली ओढायची.