वर्गातली जर्मन, वॉर्डातली जर्मन

फेब्रुवारी २०२४ मध्ये महाराष्ट्र सरकारने जर्मनीच्या बाडेन-व्युर्टेंबर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळ पुरवण्याचा करार केला. तेव्हापासून आपल्याकडच्या परिचारिका, इलेक्ट्रिशियन, ड्रायव्हर या मंडळींनी जर्मनचे वर्ग धरले. वर्गात शिकवतात ती ‘होखडॉइच’, म्हणजे प्रमाण जर्मन. आणि ज्या राज्याशी करार झाला, त्याने १९९९ मध्ये स्वतःची जाहिरात कशी केली होती? ‘आम्हाला सगळं जमतं, फक्त होखडॉइच सोडून!’

जाहिरात गमतीची होती, पण खोटी नव्हती. श्टुटगार्टच्या आसपास ‘श्वेबिश’ बोलतात. (राज्यात इतरही बोली आहेत, पण इथे हिच्यापुरतंच बोलू.) शहरातले तरुण तिची नुसती छटा लावून बोलतात, खेड्यातल्या आजोबांची श्वेबिश मात्र हँबुर्गच्या माणसालाही नीट कळत नाही. मग बी-२ परीक्षा पास होऊन गेलेल्या आपल्या मुलीला पहिल्या दिवशी घाम फुटला, तर दोष तिच्या अभ्यासाचा नाही.

समजा, वॉर्डातले आजोबा म्हणाले, ‘फुअस’ दुखतोय. पुस्तकात ‘फुस’ म्हणजे पाऊल. परिचारिका पाऊल दुखतं असं नोंदवते, डॉक्टर घोटा दाबून बघतात आणि त्यात काहीच सापडत नाही. कारण श्वेबिशमध्ये फुस कमरेपासून बोटांपर्यंत अख्खा पाय असतो. दुखत असते मांडी. आजोबा ‘टेपिश’ मागतात. पुस्तकात तो गालिचा, त्यांना हवी असते घोंगडी. सहकारी सांगते, पेशंटचा हात ‘हेबन’ कर. पुस्तकाप्रमाणे हात उचलायचा, तिला म्हणायचं असतं नुसता धरून ठेव. उचलण्यासाठी श्वेबिशमध्ये ‘लुप्फन’ हा वेगळा शब्द आहे. अनोळखी शब्द आला तर माणूस विचारतो. इथे शब्द ओळखीचाच असतो, म्हणून कुणी विचारत नाही, आणि खरी चूक तिथेच होते.

उच्चारांचं त्या मानाने सोपं आहे, कारण ते नियमाने बदलतात. शब्दात कुठेही आलेला ‘स्ट’ श्वेबिशमध्ये ‘श्ट’ होतो: ‘फेस्ट’चा ‘फेश्ट’. क्रियापदाच्या शेवटी तर ट गळूनच जातो. ‘बिस्ट’चं ‘बिश’, ‘हास्ट’चं ‘हाश’. ‘आय’चा पुष्कळ ठिकाणी ‘ओय’ होतो. हे दोन नियम एकत्र लावले की ‘वाइस्ट’ म्हणजे ‘तुला माहीत आहे’, त्याचं ‘वोइश’ कसं झालं ते आपोआप उलगडतं.

‘पुष्कळ ठिकाणी’ म्हटलं, ‘सगळीकडे’ नव्हे. प्रमाण जर्मनमध्ये शरीराला ‘लाइब’ म्हणतात आणि पावाच्या लादीलाही ‘लाइब’च, स्पेलिंग वेगळं, उच्चार एकच. श्वेबिशमध्ये फक्त पावाचा ‘लोइब’ होतो, शरीराचा कधीच नाही. जुन्या जर्मनमध्ये हे दोन निराळे स्वर होते. प्रमाण भाषेत ते एकमेकांत मिसळून गेले, बोलीने वेगळे ठेवले. बोली म्हणजे प्रमाण भाषेचा बिघडलेला अवतार असं समजणाऱ्यांनी (आपल्याकडेही ते कमी नाहीत) हे एक उदाहरण लक्षात ठेवायला हरकत नाही.

मुळात होखडॉइच ही कुठल्या एका गावाची बोली नव्हेच. तिचं लेखी रूप मध्य जर्मनीतल्या कचेऱ्यांच्या भाषेवर उभं राहिलं आणि ल्यूथरच्या बायबलमुळे, जे १५३४ साली पूर्ण छापून झालं, दूरवर गेलं. उत्तरेकडच्या लोकांची घरची भाषा वेगळीच होती. त्यांनी ही पुस्तकातून शिकली, म्हणून अक्षराबरहुकूम उच्चारली. थिओडोर झीब्स यांनी १८९८ मध्ये नाटकाच्या रंगमंचासाठी उच्चारांचे नियम छापले, तेही बरेचसे याच वळणाचे. शिकवणीला ती सोयीची पडते ती यामुळेच: लिहिल्यासारखी बोलली जाते आणि कुठेही चालते.

तेव्हा वर्गात होखडॉइचच शिकावी, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. बोलीची नक्कलही नव्या माणसाने करू नये. नागपुरात पहिल्याच आठवड्यात कुणी ‘जाऊन राहिलो’ म्हणू लागला तर लोक हसतीलच. पण कानाची तयारी हवी. निघण्याआधी महिनाभर त्या भागाचा एसडब्ल्यूआर रेडिओ ऐकावा, स्थानिक माणसांच्या मुलाखती विशेष. आणि वर्ग चालवणाऱ्यांनी शेवटच्या आठवड्यात घड्याळ तरी शिकवावं. श्टुटगार्टकडे ‘फिर्टल द्राय’ म्हणजे तिसऱ्या तासाचा पाव भाग सरला, अर्थात सव्वादोन. ‘फिर्टल’ म्हणजे पाव आणि ‘द्राय’ म्हणजे तीन एवढंच शिकलेला माणूस सव्वातीनला पोहोचतो, तोवर ड्युटी सुरू होऊन तास झालेला असतो.