‘हॅड’ कुठे लावायचा?

‘आय हॅड गॉन टू पुणे यस्टरडे.’ हे वाक्य मराठी माणसाच्या इंग्रजीत इतकं सर्रास ऐकू येतं की त्यात काही खटकत नाही. इंग्रज मात्र ते ऐकून पुढचं वाक्य येण्याची वाट बघत राहतो. पुण्याला गेला होतास, बरं, आणि मग काय झालं? आपल्या लेखी वाक्य संपलेलं असतं.

याचं मूळ मराठीत आहे. ‘तो आला’ आणि ‘तो आला होता’ यांतला फरक आपल्याला शिकवावा लागत नाही. ‘आला’ म्हणजे बहुधा अजून इथेच आहे. ‘आला होता’ म्हणजे येऊन गेला, तो प्रसंग मिटला. ‘मागच्या वर्षी आम्ही काशीला गेलो होतो’ हे वाक्यही असंच स्वतःच्या पायावर उभं राहतं, त्याला दुसऱ्या घटनेचा आधार लागत नाही. इंग्रजीतल्या ‘हॅड’ला तो लागतो. भूतकाळातल्या एखाद्या क्षणावर उभं राहून त्याच्याही मागे पाहायचं असेल तरच तो येतो. गोंधळ वाढतो तो दोन्ही भाषा काही ठिकाणी नेमक्या जुळतात म्हणून. ‘मी पोहोचलो तेव्हा गाडी सुटली होती’ याचं इंग्रजी करताना ‘होती’च्या जागी ‘हॅड’ बिनचूक बसतो, आणि मग तो सगळीकडेच बसेल असं वाटायला लागतं.

हान्स रायशेनबाख या तत्त्वज्ञाने 1947 साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या तर्कशास्त्राच्या ग्रंथात यावर एक सोपी मांडणी केली. काळ समजायला दोन नव्हे, तीन बिंदू लागतात, असं त्याने दाखवलं: बोलण्याचा क्षण, घटनेचा क्षण, आणि आपण जिथून पाहतो तो क्षण. साध्या भूतकाळात घटना आणि पाहण्याची जागा एकच असते. पूर्ण भूतकाळात घटना त्या जागेच्याही अलीकडे नाही, पलीकडे, म्हणजे आणखी मागे असते. घटनांचा क्रम लावायच्या स्वाध्यायात मुलं चुकतात ती बहुतेक वेळा हा तिसरा बिंदू न शोधल्यामुळे.

असाच एक स्वाध्याय घेऊ. उताऱ्यातल्या घटना ज्या क्रमाने घडल्या त्या क्रमाने लिहा, असा प्रश्न आहे.

‘मीना रीच्ड होम ॲट एट. समवन हॅड ब्रोकन द लॉक. शी कॉल्ड हर नेबर. ही हॅड हर्ड अ नॉइज ॲट सिक्स, बट ही हॅड थॉट इट वॉज अ कॅट. दे वेन्ट इन अँड लुक्ड अराउंड. द थीफ हॅड टेकन ओन्ली द प्रेशर कुकर.’

मीना आठला घरी पोहोचली, कुणीतरी कुलूप तोडलं होतं, तिने शेजाऱ्याला बोलावलं, त्याने सहाला आवाज ऐकला होता पण मांजर असेल असं त्याला वाटलं होतं, दोघे आत जाऊन बघतात तर चोराने नेला होता फक्त कुकर. (चोराच्या घरी डाळ शिजायची राहिली असावी.)

आधी साध्या भूतकाळातली क्रियापदं वेगळी काढावीत: पोहोचली, बोलावलं, आत गेले, पाहिलं. हा गोष्टीचा कणा. ही क्रियापदं ज्या क्रमाने लिहिली त्याच क्रमाने घडली. उरलेल्या चार घटना ‘हॅड’च्या, म्हणून त्या या कण्याच्या मागे जातात. इथवर सोपं आहे. पण त्या चारांचा आपसातला क्रम काय? कुलूप आधी तुटलं की आवाज आधी झाला? व्याकरण इथे गप्प बसतं. ‘हॅड’ एवढंच सांगतो की ही घटना मीनाच्या त्या क्षणाआधीची आहे. दोन ‘हॅड’मध्ये थोरला कोण, हे तो सांगत नाही. ते आपण व्यवहारज्ञानाने ठरवतो: कुलूप तुटल्याशिवाय कुकर जाणार नाही, आवाज ऐकल्याशिवाय मांजराची शंका येणार नाही. आवाज कुलूप तोडण्याचाच असेल तर त्या दोन घटना एकाच वेळच्या. अशा प्रश्नाला एकच ठरावीक उत्तर मागणं चूक आहे.

आता शेजाऱ्याच्या वाक्यातला ‘हॅड’ काढून पाहा: ‘शी कॉल्ड हर नेबर. ही हर्ड अ नॉइज ॲट सिक्स.’ वाक्य कण्यात जाऊन बसलं. त्याला बोलावलं आणि त्यानंतर कधीतरी, कदाचित दुसऱ्या दिवशी सहाला, त्याने आवाज ऐकला, असं वाचणाऱ्याला वाटेल. इथे ‘हॅड’ची गरज खरी आहे.

पण हीच चोरी घडली त्या क्रमाने सांगितली तर? ‘अ थीफ ब्रोक द लॉक ॲट सिक्स. द नेबर हर्ड अ नॉइज अँड थॉट इट वॉज अ कॅट. द थीफ टुक द प्रेशर कुकर. मीना रीच्ड होम ॲट एट.’ एकही ‘हॅड’ नाही आणि एकही लागत नाही. चोरी तीच, वेळ तीच. म्हणजे ‘हॅड’ घटनेच्या जुनेपणाला चिकटलेला नसतो, सांगणाऱ्याने क्रम मोडला की येतो. ‘आधी घडलेल्या घटनेला हॅड, नंतरच्या घटनेला साधा भूतकाळ’ हा वर्गात पाठ करून घेतला जाणारा नियम म्हणूनच अर्धाच खरा आहे.

त्या नियमाची फजिती पाहायची असेल तर हे वाक्य घ्या: ‘शी लेफ्ट बिफोर आय हॅड फिनिश्ड.’ माझं बोलणं संपायच्या आतच ती निघून गेली. निघून जाणं आधीचं, त्याला साधा भूतकाळ. संपणं नंतरचं, कदाचित झालंच नाही, आणि ‘हॅड’ त्यालाच. वाक्य शुद्ध आहे. ‘बिफोर’, ‘आफ्टर’ हे शब्द क्रम स्वतःच सांगून टाकतात, म्हणून त्यांच्या सोबतीला ‘हॅड’ असला तरी चालतो, नसला तरी चालतो. ‘व्हेन’चं तसं नाही. ‘व्हेन शी केम, ही लेफ्ट’ म्हणजे ती आली आणि तो उठून गेला, भांडण असावं; ‘व्हेन शी केम, ही हॅड लेफ्ट’ म्हणजे दोघांची भेटच झाली नाही. क्रम लावताना सगळ्यात जपून वाचायचा शब्द तो हाच.

उलट बाजूची चूकही होते. जुनी आठवण चार-पाच वाक्यं चालली की विद्यार्थी प्रत्येक क्रियापदाला ‘हॅड’ लावत सुटतो. इंग्रजी कथाकार बहुधा तसं करत नाहीत. एक-दोन ‘हॅड’ देऊन ते वाचकाला मागे नेतात, मग साध्या भूतकाळात सांगू लागतात, आणि परतताना ‘नाऊ’ किंवा ‘दॅट ईव्हनिंग’सारखी खूण देतात. क्रम लावणाऱ्याला हे ठाऊक हवं, कारण अशा उताऱ्यात साध्या भूतकाळातलं प्रत्येक वाक्य कण्यातलं नसतं. काही आठवणीच्या आतली असतात.

स्वतः लिहिताना एक प्रश्न पुरतो. ‘हॅड’ लिहिला की विचारावं, कशाच्या आधी? उत्तर वाक्यात किंवा शेजारच्या वाक्यात सापडलं तर ‘हॅड’ राहू द्यावा. ‘आय हॅड गॉन टू पुणे यस्टरडे’ला हा प्रश्न विचारला तर उत्तर मिळत नाही, तिथे ‘आय वेन्ट’च हवं.

आणि उत्तरपत्रिका तपासणाऱ्यांना एक विनंती. ‘आफ्टर ही फिनिश्ड हिज डिनर, ही वेन्ट आउट’ असं कुणी लिहिलं, तर प्रश्नात पूर्ण भूतकाळच मागितलेला नसेल तेव्हा ‘हॅड’ नाही म्हणून त्याचा गुण कापू नका. ते वाक्य बरोबर आहे.