क्रेडिट कार्डावर जादा शुल्क घेताय? आधी हे तपासा, मग अशी पाटी लावा

तालुक्याच्या गावातलं मोटर-पंपाचं दुकान. गिऱ्हाईक पाणबुडी मोटर घेतं, भाव ठरतो २४,००० रुपये. कार्ड पुढे केल्यावर दुकानदार म्हणतो, "दादा, कार्डला दोन टक्के जादा पडतील, बँकेचा नियम आहे." गिऱ्हाईक चिडतं. खरं तर राग चारशे-पाचशे रुपयांचा नसतो. भाव ठरून गेल्यावर, मोटर गाडीत चढवल्यावर ही गोष्ट सांगितली याचा असतो. आणि "बँकेचा नियम" हे खोटं आहे. बँक पैसे दुकानदाराकडून कापते. ते गिऱ्हाइकाकडून घ्यायचे, हा निर्णय दुकानदाराचा असतो.

आधी हे शुल्क कुठे घेता येतं ते पाहू, कारण बरीच भांडणं इथेच सुरू होतात.

कार्ड मशीनवर घासलं की बँक त्या रकमेतून आपला कट घेते. त्याला एमडीआर म्हणतात. डेबिट कार्डाचा एमडीआर गिऱ्हाइकावर टाकला जाऊ नये, याची खात्री बँकांनी करावी, असं रिझर्व्ह बँकेने सांगितलेलं आहे. त्यामुळे डेबिट कार्डावर जादा पैसे मागायचेच नाहीत. रुपे डेबिट कार्ड आणि बँक खात्यावरून होणारं यूपीआय यांवर तर १ जानेवारी २०२० पासून दुकानदारालाही एमडीआर लागत नाही. तिथे "मशीनचा खर्च" म्हणून दहा रुपये घेणं म्हणजे न झालेला खर्च वसूल करणं झालं.

उरलं क्रेडिट कार्ड. त्यावर साधारण दीड ते अडीच टक्के कट बसतो आणि त्यावर १८ टक्के जीएसटी. पण इथेही थांबा. मशीन घेताना बँकेशी किंवा कंपनीशी जो करार झाला, त्यात गिऱ्हाइकाकडून जादा शुल्क घेऊ नये अशी अट अनेकदा असते. तो कागद काढून वाचा, सापडत नसेल तर मशीन देणाऱ्याकडून लेखी उत्तर मागा. अट असेल तर शुल्काचा विषय संपला. त्यावरचा दुसरा मार्ग पुढे दिला आहे.

आणखी एक अडचण दुकानदारांच्या लक्षात येत नाही. पाकिटावर किंवा खोक्यावर छापलेल्या एमआरपीपेक्षा जास्त पैसे घेता येत नाहीत. औषधाची बाटली ६०० ला छापील असेल आणि तुम्ही ६०० लाच विकत असाल, तर कार्डाचे १२ रुपये वर घेतले की विक्री ६१२ ला झाली. वजनमापे खात्याकडे तक्रार जायला एवढं पुरे. म्हणून हे शुल्क एमआरपीच्या खाली विकल्या जाणाऱ्या मालावर किंवा मोटर रिवाइंडिंगसारख्या कामाच्या मजुरीवरच बसतं.

आता आकडा किती ठेवायचा? अंदाजाने दोन टक्के लिहू नका. मशीनचं महिन्याचं स्टेटमेंट घ्या आणि फक्त क्रेडिट कार्डाचे व्यवहार वेगळे काढा. समजा महिन्यात १,८०,००० रुपयांची क्रेडिट कार्डाची विक्री झाली आणि जीएसटी सोडून ३,२४० रुपये कट बसला. म्हणजे दर १.८ टक्के. कटावरचा जीएसटी तुम्ही जीएसटी नोंदणी असल्यास इनपुट क्रेडिटमध्ये मिळवू शकता, म्हणून तो सहसा धरू नका. २४,००० च्या मोटरवर शुल्क होईल ४३२ रुपये. दोन टक्के घेतले असते तर ४८०. वरचे ४८ रुपये कशाचे, असं कुणी विचारलं तर उत्तर नाही. आज मोबाइलवर हा हिशेब कॉलेजातलं पोरगंही काउंटरवर उभं राहून करतं.

हे ४३२ रुपये मालाच्या किमतीचाच भाग धरले जातात, त्यामुळे त्यांवरही जीएसटी येतो. ते बिलाबाहेर रोख घेऊ नका. बिलातच "क्रेडिट कार्ड शुल्क, जीएसटीसह" अशी वेगळी ओळ टाका. नोंद कशी करायची ते आपल्या सीएला एकदा विचारून घ्या.

पाटीवर पुढचा मजकूर चालेल. दर आणि तारीख आपली घाला:

"क्रेडिट कार्डने पैसे दिल्यास १.८ टक्के जादा शुल्क लागेल. १,००० रुपयांच्या बिलाला १८ रुपये, १०,००० च्या बिलाला १८० रुपये.
रोख, यूपीआय आणि डेबिट कार्डला काहीही जादा नाही.
छापील एमआरपीला विकलेल्या मालावर हे शुल्क नाही.
क्रेडिट कार्डावर बँक आमच्याकडून जेवढा कट घेते तेवढंच हे शुल्क आहे. ते आमचं दुकान घेतं, बिलात वेगळं लिहून मिळेल.
१ तारखेपासून लागू."

टक्क्यासोबत रुपये लिहिले आहेत, कारण १.८ टक्के वाचून कुणाच्या डोळ्यासमोर काही येत नाही, १८ रुपये वाचून येतं. "आमचं दुकान घेतं" हे शब्द काढू नका. "नियमानुसार", "शासनाच्या आदेशाने", "नाममात्र सेवा शुल्क" असलं काही घालू नका. गिऱ्हाइकाला तोच वास येतो. आणि ज्यात जादा पडत नाही ते ठळक अक्षरात हवं, म्हणजे माणसाला निवड राहते.

पाटी दोन जागी लावा: दारात आणि मशीनच्या शेजारी. नुसती मशीनजवळची पाटी उशिरा दिसते. भाव सांगतानाच तोंडीही सांगा: "काका, मोटर २४ हजारला. फोनपे, रोख, डेबिट कार्ड काहीही चालेल. क्रेडिट कार्ड असेल तर ४३२ जादा बसतील. कसं करू?" कार्ड डेबिट की क्रेडिट हे बहुतेक वेळा कार्डावरच छापलेलं असतं, मशीनला लावण्याआधी पाहून घ्या. नाहीतर डेबिटवर चुकून शुल्क लागतं आणि पाटी खोटी ठरते. जुन्या खात्यातल्या गिऱ्हाइकांना पंधरा दिवस आधी व्हॉट्सॲपवर हाच मजकूर पाठवा.

माल परत आला तर? बँक कट परत देते की नाही, हे आधी मशीनवाल्याला विचारा आणि त्याप्रमाणे शुल्क परत मिळेल की नाही ते बिलावर छापा. परतीच्या वेळी ठरवलं की वाद होतोच.

करारात शुल्काला बंदी असेल तर मार्ग उलटा करा. मोटरचा भाव एमआरपीच्या आत राहून सगळ्यांना २४,४०० सांगा आणि रोख, यूपीआय, डेबिटला ४०० रुपये सूट द्या. सूट चालते का, तेही करारात पाहून घ्या. माझ्या मते लहान दुकानाला हाच मार्ग जास्त सोयीचा, कारण "सूट मिळाली" म्हणून कुणी तक्रार करत नाही.

आणि गिऱ्हाइकांसाठी: डेबिट कार्डावर जादा पैसे घेतले, तर बिल आणि मशीनची चिठ्ठी जपून ठेवा. ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर सांगता येतं. आपल्या बँकेकडे लेखी तक्रार करून ३० दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे cms.rbi.org.in वर जाता येतं. माहितीसाठी १४४४८ हा नंबर आहे.