खाज थांबते, बुरशी पसरते

“दादा, गजकर्णावर काहीतरी चांगलं मलम द्या.” पावसाळ्यात कुठल्याही मेडिकलच्या काउंटरवर तासभर उभे राहिले तर हे वाक्य कानावर पडतेच. दादाही चिठ्ठी मागत नाहीत. तीसचाळीस रुपयांची एक ट्यूब समोर येते. ती लावल्यावर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी खाज थांबते, लाली ओसरते आणि गिऱ्हाईक खूश होते. नेमक्या याच ट्यूबमुळे साधे गजकर्ण वर्षभराचे दुखणे होऊन बसते.

गजकर्ण किंवा नायटा हा बुरशीचा आजार. या बुरशीचे अन्न म्हणजे केराटिन. त्वचेचा अगदी वरचा मृत थर, केस आणि नखे ज्या पदार्थाची बनतात तो हा पदार्थ. बुरशी एका ठिपक्यापासून सगळ्या दिशांनी सरकत जाते, म्हणून वर्तुळ तयार होते. कडा लाल, उंचावलेली आणि खपल्यांची असते, तर मधला भाग निवळत आलेला दिसतो. जांघ, कंबर, काख आणि स्तनांखालची घडी, म्हणजे जिथे घाम मुरतो आणि हवा लागत नाही, त्या तिच्या आवडत्या जागा. करदोट्याखालची ओलसर रेघही तिला पुरते.

पावसात पायाच्या बोटांच्या बेचक्यांत पांढरट, भिजल्यासारखी, सोलवटलेली त्वचा दिसते. त्या चिखल्यांमागेही बऱ्याचदा बुरशीच असते. छाती-पाठीवरच्या फिकट शिब्यांचे प्रकरण मात्र निराळे. ती बुरशी एरवीही आपल्या त्वचेवर नांदत असते आणि शिबे एकाचे दुसऱ्याला सहसा लागत नाहीत. उपचारांनी बुरशी मेली तरी रंग परतायला काही महिने लागतात, त्यामुळे ‘औषध लागू पडले नाही’ असा उगाच समज होतो.

आता त्या ट्यूबकडे वळू. तिच्यात बहुधा दोन-तीन औषधांची खिचडी असते: एक बुरशीनाशक, एक जंतुनाशक आणि त्यांच्या जोडीला जबर ताकदीचे स्टेरॉइड. क्लोबेटासॉल हे त्यातले सर्वांत वापरातले आणि त्वचेवर लावण्याच्या स्टेरॉइडांमध्ये सर्वांत तीव्र गटातले. लगेच आराम पडतो तो याच्यामुळे.

गजकर्णाची लाली आणि खाज ही थेट बुरशीची करणी नसते. बुरशीची चाहूल लागताच शरीर तिथे संरक्षक पेशी धाडते, त्वचेची वाढ वेगाने होऊ लागते आणि वरचा थर भराभर खपल्यांवाटे गळतो. बुरशी त्याच थरात राहत असल्याने खपलीबरोबर तीही बाहेर फेकली जाते. स्टेरॉइड ही सगळी धावपळ थांबवते. दाह विझतो, खपल्या कमी होतात आणि त्वचा वरून शांत दिसते. चोर घरात शिरलेला असताना भुंकणाऱ्या कुत्र्याला भाकरी टाकून गप्प बसवावे, तसा हा उपाय. सोबतचे बुरशीनाशक या मोकळ्या रानात एकटे पुरे पडत नाही. त्यातून ट्यूब बरे वाटेपर्यंतच, म्हणजे चार-पाच दिवस लावली जाते. बुरशी मरायला तेवढे दिवस मुळीच पुरत नाहीत.

त्वचारोगतज्ज्ञांकडे येणाऱ्या अशा रुग्णाची कहाणी साधारण सारखीच असते. समजा, तिशीतला एक रिक्षाचालक आहे. दिवसभर रेक्झिनच्या सीटवर बसणे, अंगात जाड जीन्स. जांघेत रुपयाएवढा चट्टा उठतो. ट्यूब लावताच तो मावळतो, पण ट्यूब थांबवल्यावर आठवड्याभरात पहिल्यापेक्षा मोठा होऊन उगवतो. पुन्हा ट्यूब. तीन-चार महिन्यांत चट्टे मांड्या, नितंब आणि कमरेपर्यंत पोचतात. आता त्यांना नेटके वर्तुळही उरलेले नसते. कुठे कडा पुसट, कुठे वर्तुळात वर्तुळ, कुठे केसांच्या मुळांशी पुटकुळ्या, कारण बुरशी आता केसांच्या मुळांत उतरलेली असते. जांघेत गर्भारपणात पोटावर पडतात तसे रुंद व्रण उमटतात. हे व्रण स्टेरॉइडने त्वचा पातळ झाल्याचे. गजकर्ण बरे झाले तरी ते कायमचे राहतात. एव्हाना बायको आणि धाकट्या मुलालाही लागण झालेली असते, कारण घरात टॉवेल एकच.

स्टेरॉइडने असे वेषांतर केलेल्या गजकर्णाचे वर्णन ब्रिटनमधल्या दोन डॉक्टरांनी 1968 मध्येच करून ठेवले होते. आज भारतात त्याचे प्रमाण इतके आहे की पुस्तकात दाखवतात तसे गजकर्ण पाहायला मिळणेच अवघड, असे डॉक्टर सांगतात. रूप बदलल्यामुळे ते इसब किंवा सोरायसिस समजले जाते, आणि मग आणखी स्टेरॉइड दिले जाते.

शंका असेल तेव्हा एक साधी तपासणी उपयोगी पडते. चट्ट्याच्या कडेच्या खपल्या खरवडून काचपट्टीवर घेतात आणि त्यावर पोटॅशियम हायड्रॉक्साइडचा थेंब टाकतात. त्वचेच्या पेशी विरघळतात, बुरशीचे धागे तेवढे उरतात आणि ते सूक्ष्मदर्शकाखाली दिसतात. आधीपासून बुरशीनाशक लावत असल्यास धागे सापडणे कठीण होते, म्हणून ते डॉक्टरांना सांगितलेले बरे.

दुसरी अडचण बुरशीचीच आहे. भारतात पसरलेल्या एका हट्टी प्रकाराला 2020 मध्ये जपानी संशोधकांनी ट्रायकोफायटॉन इंडोटिनी असे नाव दिले. टर्बिनाफिन या जुन्या भरवशाच्या गोळीला तो अनेकदा दाद देत नाही. 2023 मध्ये न्यूयॉर्कमध्ये त्याचे दोन रुग्ण नोंदले गेले. त्यांतली एक बांगलादेशात जाऊन आलेली होती, दुसरीने तर परदेश प्रवासच केला नव्हता. या बुरशीच्या फैलावाला स्टेरॉइडमिश्रित मलमांचा हातभार लागला, असे बरेच तज्ज्ञ मानतात.

सरकारने काही केले नाही असे नाही. 2018 मध्ये अनेक स्टेरॉइड मलमे चिठ्ठीशिवाय विकू नयेत असा नियम झाला आणि त्याच वर्षी बंदी घातलेल्या औषध-मिश्रणांत अशी काही मलमेही होती. काउंटरवर मात्र त्याचा फारसा परिणाम दिसत नाही.

म्हणून ट्यूबवरची बारीक अक्षरे वाचायला हवीत. क्लोबेटासॉल, बीटामेथासोन, बेक्लोमेथासोन, मोमेटासोन, फ्लुओसिनोलोन यांपैकी एकही नाव असेल तर ती गजकर्णावर लावू नये. स्टेरॉइड वाईट असे नव्हे. इसब, सोरायसिस यांवर ते उत्तम औषध आहे, पण डॉक्टरांनी ठरवलेल्या मुदतीपुरतेच.

गजकर्णाला नुसते बुरशीनाशक मलम लागते. ते चट्ट्यापलीकडे दोन बोटे निरोगी त्वचेवरही लावायचे आणि चट्टा गेल्यानंतरही साधारण दोन आठवडे चालू ठेवायचे. पसरलेल्या आजारात गोळ्या लागतात आणि आता त्या दोन-दोन महिनेही घ्याव्या लागतात. त्यांतल्या काही यकृतावर परिणाम करतात, काही हृदयाच्या औषधांशी जुळत नाहीत. तेव्हा शेजाऱ्याची चिठ्ठी वापरू नये. घरात ज्याला ज्याला खाज आहे त्या सगळ्यांनी एकाच वेळी उपचार घ्यावेत, टॉवेल वेगळे ठेवावेत, कपडे गरम पाण्यात धुऊन उन्हात वाळवावेत आणि करदोटा निदान तेवढे दिवस काढावा.

स्टेरॉइड बंद केल्यावर पहिले काही दिवस लाली आणि खाज उसळते. त्या दिवसांत जुन्या ट्यूबकडे हात जाऊ देऊ नका. डॉक्टरांकडे जाताना आजवर लावलेल्या सगळ्या ट्यूब, रिकाम्यासुद्धा, सोबत न्या.