‘उद्धटपणे वागलात’ म्हणजे नेमकं काय?

चाकणच्या एखाद्या कारखान्यातली दुसरी पाळी डोळ्यांसमोर आणा. प्रेस मशीनवरचा माणूस आलेला नाही. सुपरवायझर पॅकिंगमधल्या कामगाराला तिकडे जायला सांगतो, कामगार नाही म्हणतो, आवाज चढतात. दुसऱ्या दिवशी कामगाराच्या हातात पत्र पडतं: ‘आपण वरिष्ठांशी उद्धटपणे वागलात, हा पहिला व शेवटचा इशारा.’

या पत्रात घटनाच नाही. काय सांगितलं, कधी सांगितलं, उत्तर काय मिळालं, यातलं काहीच नाही. ‘उद्धट’ हे सुपरवायझरचं मत झालं.

1946 च्या कायद्याखालच्या आदर्श स्थायी आदेशांनी गैरवर्तनाच्या यादीत हेतुपुरस्सर आज्ञाभंग घातला, पण आज्ञेला दोन अटीही जोडल्या: ती कायदेशीर हवी आणि वाजवी हवी. म्हणून सुपरवायझरची नोंद महत्त्वाची. ती त्याच दिवशी, शक्यतो पाळी संपण्याआधी लिहावी. आठवड्याने लिहिलेल्या नोंदीत आठवण कमी आणि राग जास्त असतो.

आता तोच प्रसंग नीट नोंदवून पाहू. ‘सायंकाळी 5.10 वाजता मी त्यांना प्रेसवर काम करायला सांगितले. ते म्हणाले, “मी नाही जाणार.” मी कारण विचारले. ते म्हणाले, “पुढचं गार्ड काढून ठेवलंय.” मी पुन्हा सांगितले, त्यांनी पुन्हा नकार दिला. त्या वेळी फिटर हजर होता.’ पाच-सहा वाक्यं, पण प्रकरणच पालटलं! यंत्राच्या धोकादायक भागाला संरक्षक आवरण हवं, हे 1948 च्या कारखाना कायद्याने मालकावर टाकलेलं बंधन. गार्ड खरोखरच काढलेलं असेल, तर आज्ञाच टिकत नाही. पत्राआधी मशीन बंद करायला हवं.

गार्ड जागेवर होतं, कामगाराला प्रेसचं प्रशिक्षण मिळालेलं होतं आणि फिटरही तेच सांगतो, असं निघालं तर मात्र गोष्ट वेगळी. तरीही आधी खुलासा मागवायचा. वेळ, आज्ञा आणि उत्तर पत्रात लिहून बाजू मांडायला मुदत द्यायची. खुलासा वाचून तो का पटला नाही, हे इशारापत्रात एका वाक्यात लिहायचं. कामगाराने पत्र घ्यायला नकार दिला, तर दोन साक्षीदारांच्या सह्यांनी तशी नोंद करून ते पोस्टाने घरी पाठवायचं. आणि सही केली म्हणजे पत्र मिळालं, आरोप कबूल झाला नव्हे. हे कामगारांना क्वचितच कुणी समजावून सांगतं.

इशारा ही सौम्य शिक्षा, पण कागद फायलीत राहतो. पुढे मोठी शिक्षा ठरवताना पूर्वीची नोंद पाहिली जाते, आणि चौकशी झालीच तर सुपरवायझरला उलटतपासणीला उभं राहावं लागतं. ‘उद्धट म्हणजे काय बोलले?’ हा पहिलाच प्रश्न येतो. जवळ 5.10 ची नोंद असेल, तर तो ती वाचून दाखवतो.